आईची सही आणि मुलांचा हिस्सा

कराडजवळच्या एका गावात तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आणि त्यावर चार खोल्यांचं घर आहे, असं समजू. वडिलांनी स्वतःच्या पगारातून प्लॉट घेतला आणि बँकेचं कर्ज काढून घर बांधलं. डिसेंबर 2018 मध्ये ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे त्यांची आई, पत्नी मंगल, मुलगी आदिती आणि मुलगा ओंकार राहिले. कर्जाचे आठ लाख फिटायचे होते, हप्ते थकले होते आणि बँकेच्या नोटिसा सुरू झाल्या होत्या. घराला अठ्ठेचाळीस लाखांचं गिऱ्हाईक आलं. आजी आणि मंगल दोघी विकायला तयार झाल्या. मुलांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, ‘पोरं लहान आहेत, त्यांच्या वतीनं आई सही करेल.’ मार्च 2019 मध्ये खरेदीखत झालं.

हे कुटुंब कल्पित आहे, पण असं खरेदीखत महाराष्ट्रातल्या दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांना नवीन नाही. त्यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. भाव रास्त असतो, पैसे कर्ज फेडायला आणि मुलांच्या शिक्षणालाच लागतात. तरीही त्या कागदात एक मोठी उणीव राहून जाते. व्यवहाराच्या दिवशी ती कुणाला जाणवत नाही. ती जाणवते मुलं अठरा वर्षांची झाल्यावर.

आधी हिस्से पाहू. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिला हक्क वर्ग एकच्या वारसांचा असतो. आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी हे सगळे त्यात येतात आणि सगळ्यांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे या घराचे चार भाग झाले. आजीचा एक, मंगलचा एक, आदितीचा एक आणि ओंकारचा एक. आदितीचं वय तेव्हा साडेपंधरा, ओंकारचं नऊ. वय कमी म्हणून हिस्सा कमी होत नाही, आणि आई हयात आहे म्हणून मुलांचा हिस्सा आईकडे जात नाही. अज्ञान मूल करार करू शकत नाही, पण मिळकतीचं मालक मात्र होऊ शकतं. वारसानं मिळालेलं, कुणी बक्षीस दिलेलं किंवा आईवडिलांनी त्याच्या नावे खरेदी केलेलं घर त्याच्या मालकीचंच असतं.

सातबाऱ्यावर हे उघड दिसतं. वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाला की मुलांची नावं चढतात आणि त्यांच्यापुढे ‘अ.पा.क. आई मंगल’ असा शेरा येतो. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अनेकांना वाटतं की या तीन अक्षरांनी आईला विकायचाही अधिकार मिळाला. प्रत्यक्षात तो महसूल दप्तरातला शेरा आहे. मालक लहान आहे आणि त्याच्या वतीनं कुणाशी बोलायचं, एवढंच त्यातून कळतं. मालकाच्या मिळकतीचं काय करता येईल आणि काय नाही, हे तो शेरा ठरवत नाही. ते दुसऱ्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

तो कायदा म्हणजे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956. त्याच्या कलम 6 प्रमाणे अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर, असाच बरीच वर्षं लावला जात होता. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही हवी असं त्यांना कळवण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वडील हयात असले तरी ते मुलाचं काही पाहत नसतील, दूर असतील किंवा दोघांच्या संमतीनं आईच सगळं बघत असेल, तर आईच नैसर्गिक पालक ठरते, असा निकाल 1999 मध्ये लागला. त्याच्या कितीतरी आधी, 1970 मध्ये, जिजाबाई गजरे यांच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं वेगळं राहून मुलीचा कारभार पाहणाऱ्या आईला पालक मानलं होतं. आपल्या कहाणीत वडील हयातच नाहीत, त्यामुळे मंगलच्या पालकत्वाबद्दल शंका नाही. प्रश्न तिच्या अधिकाराच्या मर्यादेचा आहे.

ती मर्यादा कलम 8 मध्ये आहे. मुलाच्या किंवा त्याच्या मिळकतीच्या भल्यासाठी जे आवश्यक आणि रास्त असेल ते पालकाला करता येतं. छप्पर दुरुस्त करणं, घरपट्टी भरणं, भाडं गोळा करणं, शेत कसून घेणं, मुलाच्या हक्कासाठी दावा लावणं, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण मुलाची स्थावर मिळकत किंवा तिचा कुठलाही भाग विकायचा, गहाण ठेवायचा, बक्षीस द्यायचा, अदलाबदलीत द्यायचा किंवा आणखी कोणत्याही रीतीनं दुसऱ्याच्या नावे करायचा असेल, तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. इथे ‘आधी’ या शब्दाला महत्त्व आहे. खरेदीखत झाल्यावर परवानगी मागायची सोय कायद्यात नाही.

‘आणखी कोणत्याही रीतीनं’ या शब्दांत हक्कसोडपत्रही येतं. भाऊबंदकीत बहुतेक वेळा इथेच घोळ होतो. दीर-जाऊ म्हणतात, ‘तुम्ही आणि मुलं हक्क सोडा, आम्ही तुम्हाला अमुक देतो.’ विधवा स्वतःसाठी आणि ‘अ.पा.क.’ म्हणून मुलांसाठीही सही करते. स्वतःचा हिस्सा सोडायला ती मोकळी आहे. मुलांचा हिस्सा मात्र परवानगीवाचून तिला सोडता येत नाही.

भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. पाच वर्षांहून जास्त मुदतीचा, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षापलीकडे चालणारा भाडेपट्टा परवानगीशिवाय करता येत नाही. आदिती 12 ऑगस्ट 2003 ची. ती 12 ऑगस्ट 2021 ला सज्ञान होणार. त्यामुळे मार्च 2019 मध्ये मंगलनं घर विकण्याऐवजी भाडेपट्ट्यानं द्यायचं ठरवलं असतं, तरी आदितीच्या हिश्शापुरती मुदत फार तर ऑगस्ट 2022 पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांच्याही आत ठेवावी लागली असती. ओंकार लहान असल्यानं त्याच्या हिश्शाला पाच वर्षांची मर्यादा लागली असती. मूल मोठं झाल्यावर आपल्या मालमत्तेचं काय करायचं, हे ठरवायला त्याचे हात मोकळे राहावेत, हा यामागचा हेतू आहे.

मग परवानगीशिवाय झालेल्या खरेदीखताचं काय होतं? ते आपोआप रद्द होत नाही, हे इथे नीट लक्षात ठेवायला हवं. कायदा म्हणतो की असा व्यवहार अज्ञानाच्या किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्याच्या मागणीवरून रद्द होऊ शकतो. मूल काहीच बोललं नाही तर तो टिकतो. म्हणून मंगलनं सही केलेलं खरेदीखत नोंदवलं गेलं, फेरफार झाला, खरेदीदार राहायला आला आणि वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही, तर त्यात नवल नाही. त्या कागदाचं भवितव्य मात्र दोन मुलांच्या हातात राहिलं.

व्यवहार आईवडिलांऐवजी दुसऱ्याच कुणी केला असेल, तर गोष्ट वेगळी. मुलं मामाकडे किंवा काकांकडे वाढली, खर्च त्यांनी केला, म्हणून ते पालक ठरत नाहीत. न्यायालयानं नेमलेला नाही आणि मृत्युपत्रानं नेमलेला नाही, अशा नुसत्या सांभाळ करणाऱ्याला मुलाच्या मिळकतीचा व्यवहारच करता येत नाही, असं कलम 11 सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये मोठ्या बहिणीनं अज्ञान भावंडाच्या वतीनं केलेली विक्री मुळातूनच शून्य ठरवली, ती याच कलमामुळे. शून्य व्यवहार रद्द करून घ्यावा लागत नाही, तो कायद्याच्या दृष्टीनं झालेलाच नसतो. आईची परवानगीविना सही आणि मामाची सही यांच्यात हा एवढा फरक आहे.

आता आदिती आणि ओंकारच्या वयांकडे येऊ. भारतीय सज्ञानता अधिनियम, 1875 प्रमाणे जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि अठरावा वाढदिवस उजाडताक्षणी माणूस सज्ञान होतो. पूर्वी न्यायालयानं पालक नेमलेला असेल तर ही मर्यादा एकवीस वर्षांची होती. 1999 च्या दुरुस्तीनं ती गेली, आता सगळ्यांना अठराच. मुदत कायद्यानुसार पालकानं केलेलं हस्तांतर रद्द करून मागायला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. आदितीची मुदत आता संपली आहे. ओंकार 20 जानेवारी 2010 चा. तो जानेवारी 2028 मध्ये सज्ञान होईल आणि त्याची मुदत जानेवारी 2031 मध्ये संपेल. मार्च 2019 मध्ये अठ्ठेचाळीस लाख मोजलेला खरेदीदार जवळजवळ बारा वर्षं, निदान एका हिश्शापुरता, टांगणीवर राहणार. मधल्या काळात त्यानं घर विकायला काढलं, तर पुढच्या खरेदीदाराचा वकील सर्च घेताना नेमका हाच कागद बाजूला काढेल आणि विचारेल, ‘परवानगीचा आदेश कुठाय?’ कर्ज देणारी बँकही हेच विचारेल.

जन्मतारखेचा एक खास आपल्याकडचा गुंता इथे सांगायला हवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून 1 जून टाकलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत भलतीच तारीख असेल, तर तीन वर्षांची मुदत कधी संपली यावरच भांडण उभं राहतं. दावा मुदतीच्या शेवटच्या महिन्यात लावला असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. जन्माच्या वेळी झालेली मूळ नोंद सहसा जास्त वजनदार ठरते, म्हणून तिचा उतारा आधी काढावा.

तीन वर्षं म्हणजे तीनच वर्षं आणि मागणीही नेमकी हवी, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणानं दाखवून दिलं. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण या खटल्यात आईनं पालक म्हणून, न्यायालयाची परवानगी न घेता जमीन विकली होती. एक भाऊ 1975 मध्ये आणि दुसरा 1978 मध्ये सज्ञान झाला. दावा लागला 1980 मध्ये. पहिल्याची मुदत केव्हाच संपली होती. दुसऱ्याची शिल्लक होती, पण दाव्यात फक्त ताबा मागितला होता, खरेदीखतं रद्द करून मागितली नव्हती. ही मागणी नंतर दुरुस्ती करून घातली, तोवर त्याचीही तीन वर्षं उलटली होती. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये दोघांविरुद्ध निकाल दिला. विक्रीत दोष होता हे खरं, पण तो वेळेत आणि नेमक्या शब्दांत मांडला गेला नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू ऑक्टोबर 2025 मध्ये समोर आली. कर्नाटकातल्या दावणगेरे इथल्या प्लॉटच्या प्रकरणात वडिलांनी मुलांच्या नावचे प्लॉट परवानगीविना विकले. मुलांनी सज्ञान झाल्यावर खटला भरला नाही. त्यांनी सरळ तोच प्लॉट के. एस. शिवप्पा यांना विकला. आधीच्या खरेदीदाराकडून घेणारी बाई म्हणाली की जुनं खरेदीखत रद्द करून घेतल्याशिवाय मुलांना विकताच येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. मुदतीच्या आत, संशयाला जागा न ठेवणाऱ्या कृतीनंही पालकाचा व्यवहार नाकारता येतो आणि दरवेळी दावाच लावायला हवा असं नाही, असं न्यायालयानं ठरवलं. ओंकारसारख्या मुलाला यामुळे आणखी एक वाट मिळाली. ताबा दुसऱ्याकडे असेल तेव्हा मात्र दावा लावणंच शहाणपणाचं, कारण विश्वंभर प्रकरणातली चूक पुन्हा करायला वाव राहत नाही. खरेदीदाराच्या बाजूनं पाहिलं तर त्याची काळजी वाढली आहे. न्यायालयात खटला दिसत नाही म्हणजे व्यवहार पक्का झाला, असं आता म्हणता येत नाही.

ओंकार जिंकला तर त्याला काय मिळेल? आख्खं घर नाही. आजीनं आणि मंगलनं आपापले हिस्से विकले ते विकलेच, आणि आदितीनं मुदत जाऊ दिली. उरतो ओंकारचा चौथा हिस्सा. तो वाटप मागू शकतो. पण त्याच्या हिश्शाच्या पैशांतून वडिलांच्या कर्जाचा त्याचा वाटा फिटला असेल आणि त्याचं शिक्षण झालं असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाप्रमाणे न्यायालय त्याला तेवढा लाभ परत करायला सांगू शकतं. हिस्सा परत आणि पैसेही आपल्याकडेच, असं सरसकट होत नाही.

आता तेच घर रीतसर विकायचं असतं तर मंगलनं काय केलं असतं? मिळकत जिथे आहे तिथल्या सक्षम न्यायालयात, म्हणजे जिल्हा न्यायालयात किंवा त्या कामाचे अधिकार दिलेल्या न्यायालयात, मुंबईत असल्यास शहर दिवाणी न्यायालयात, तिनं अर्ज केला असता. सोबत मृत्यूचा दाखला, मुलांच्या जन्माचे दाखले, सातबारा, वारसांची नावं, कर्जाचा बँकेचा खातेउतारा, घराचं मूल्यांकन आणि खरेदीदारानं देऊ केलेली किंमत. साठेखत करायचं झालं तर त्यात स्पष्ट लिहायचं की मुलांच्या हिश्शाचा व्यवहार न्यायालयाची परवानगी मिळाली तरच पुरा होईल, आणि नाही मिळाली तर विसार परत. अर्जाची नोटीस निघते, जवळच्या नातेवाइकांना हरकत घ्यायची संधी मिळते, मंगलचं शपथपत्र होतं.

न्यायालय दोनच गोष्टी पाहतं. विकण्याची खरी गरज आहे का, किंवा त्यात मुलांचा उघड फायदा आहे का? यांपैकी काहीच नसेल तर परवानगी देता येत नाही. घरावर कर्जाचा बोजा आहे, हप्ते थकलेत आणि बँक लिलाव करेल, ही गरज झाली. पडकं घर विकून मुलांच्या नावे चांगल्या जागी मिळकत घेणं, हा फायदा झाला. पण आईला स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे किंवा दिराचं कर्ज फेडायचं आहे, हे मुलांच्या हिश्शाला लागू पडणारं कारण नाही. मुलाचा हिस्सा कुणाला बक्षीस देण्याची परवानगी मिळणं तर फारच अवघड, कारण देऊन टाकण्यात मुलाचा फायदा दाखवायचा कसा?

परवानगी मिळते ती अटींसह. आदेशात कारण लिहिलेलं असतं, मिळकतीचं वर्णन असतं आणि किमान किंमत ठरवलेली असू शकते. न्यायालय जाहीर लिलावानं विकायलाही सांगू शकतं. पैशांची सोय हा त्यातला सगळ्यात कामाचा भाग. आपल्या उदाहरणात अठ्ठेचाळीस लाखांतून कर्जाचे आठ लाख वजा केले की चाळीस लाख उरतात, प्रत्येकी दहा. मुलांचे वीस लाख राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावे, सज्ञान होईपर्यंतच्या मुदत ठेवीत ठेवा आणि पावत्या न्यायालयात दाखवा, असा आदेश साधारणपणे होतो. शिक्षणासाठी मधेच रक्कम हवी असेल तर पुन्हा अर्ज करावा लागतो. हे सगळं कटकटीचं आहे आणि त्यात वेळ जातो, यात वाद नाही. पण हाच कागद पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडतो. खरेदीदाराची बारा वर्षांची धास्ती जाते, मुलांचे पैसे जाग्यावर राहतात आणि उद्या मुलगाच विचारायला उभा राहिला, तर मंगलकडे दाखवायला न्यायालयाचा आदेश असतो.

दोन अपवाद सांगायला हवेत, नाहीतर वाचक चुकीच्या कागदामागे लागतील. पहिला, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला अविभक्त हिस्सा. कुटुंबाचा कर्ता कायदेशीर गरजेसाठी किंवा कुटुंबाच्या हितासाठी ती विकत असेल, तर त्यातल्या मुलांच्या अविभक्त हिश्शाला कलम 8 ची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये श्रीनारायण बाल प्रकरणात सांगितलं. पण वडिलांनी स्वतः कमावलेलं घर त्यांच्या मृत्यूनंतर मुलांकडे आलं, तर ते मुलांचं स्वतःचं असतं, एकत्र कुटुंबाचं नसतं. घरात त्याला ‘वडिलोपार्जित’ म्हटलं तरी कायदा ते तसं धरत नाही. परवानगी टाळणारी बरीच खरेदीखतं याच गैरसमजातून होतात. दुसरा अपवाद धर्माचा. हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम कायद्यात मुलाच्या मिळकतीचे पालक वडील आणि आजोबा किंवा त्यांनी मृत्युपत्रानं नेमलेली व्यक्ती. आई आपोआप पालक होत नाही, तिला न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचा मार्ग पालक व पाल्य अधिनियम, 1890 मधून जातो.

अठरावा वाढदिवस उजाडला की पालकाचा अधिकार संपतो. कुणी तो काढून घ्यावा लागत नाही. त्या दिवसानंतर मंगलनं ‘अ.पा.क.’ म्हणून केलेल्या सहीला अर्थ नाही. भाडेकरूनं आदितीच्या हिश्शाचं भाडं आदितीलाच द्यायचं, आणि आदितीचा हिस्सा असलेल्या मिळकतीचा कागद करायचा तर तिची स्वतःची सही हवी. म्युच्युअल फंडात तर हा बदल लगेच दिसतो. खातं मुलाच्या नावे असेल तर सज्ञान होण्याच्या तारखेपासून एसआयपीसारखे ठरलेले व्यवहार थांबतात. मुलानं स्वतःची केवायसी आणि बँक खातं दिलं की ते पुन्हा सुरू होतात.

सातबाऱ्यावरचा शेरा मात्र आपणहून जात नाही. तो कमी करण्यासाठी अर्ज लागतो. ई-हक्क प्रणालीवर ‘अ.पा.क. शेरा कमी करणे’ हा स्वतंत्र प्रकार आहे. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून तो भरता येतो किंवा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे देता येतो. फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. तीस वर्षांच्या माणसापुढेही सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. आई’ दिसतं, याचं कारण एवढंच की कुणी अर्ज केलेला नसतो. त्यानं मालकी जात नाही, पण विकताना किंवा कर्ज घेताना काम अडतं.

हिशेब मागण्याचा हक्क मुलाला आहे. न्यायालयानं नेमलेल्या पालकाला मिळकत सोपवून हिशेब देणं बंधनकारक असतं. आईवडिलांनाही विश्वासानं ठेवलेल्या मालाप्रमाणेच मुलाची मालमत्ता सांभाळायची असते आणि त्यातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नसतो. घरात सहसा हिशेबाची वही नसते. म्हणून ज्या आईनं मुलांच्या हिश्शातून फी, दवाखाना, घरदुरुस्ती केली असेल, तिनं पावत्या एका फाईलला लावून ठेवाव्यात. अविश्वास दाखवण्यासाठी नाही, तर पुढे सून-जावई घरात आल्यावर प्रश्न निघतात म्हणून.

अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती दहा लाख आले आणि त्यानं त्यातून महागडी मोटारसायकल घेतली, तर कायदा त्याला अडवत नाही. वारसानं आलेला हिस्सा एकवीस किंवा पंचवीस वर्षांपर्यंत रोखून ठेवायची सोय पालकाकडे नाही. ज्या आईवडिलांना ही भीती आहे, त्यांनी हयातीतच मृत्युपत्र करावं आणि त्यात विश्वस्त नेमून मुलाला कोणत्या वयात काय मिळेल ते लिहावं. मृत्युपत्रानं पालकही नेमता येतो. आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी एवढं केलं असतं, तर मंगलची निम्मी अडचण टळली असती.

एक शेवटची गोष्ट सज्ञान झालेल्या मुलांसाठी. अठरा पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत जुना खरेदीदार पेढे घेऊन येतो आणि एक कागद पुढे करतो. त्याचं नाव संमतीपत्र, मान्यतापत्र किंवा कबुलीजबाब असं काहीही असतं. त्यात लिहिलेलं असतं की आईनं केलेला व्यवहार मला मान्य आहे आणि माझी काही हरकत नाही. खरेदीदारानं असा कागद मागण्यात गैर काही नाही. त्याला आपलं घर पक्कं करायचं असतं. पण त्या सहीनं मुलाचा हक्क कायमचा संपतो आणि मग उरलेल्या तीन वर्षांना काही किंमत राहत नाही. सही करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून जुन्या खरेदीखताची नक्कल काढावी, आपल्या नावावर तेव्हा किती हिस्सा होता ते सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर पाहावं आणि त्या हिश्शाचे पैसे कुठे गेले ते आईला विचारावं. उत्तर पटलं तर सही करायला हरकत नाही. आपल्या हिश्शाला तेव्हा कमी भाव लावला होता असं दिसलं, तर फरकाची रक्कम ठरवून, ती कागदात लिहून, मगच सही द्यावी. खरेदीदारालाही हा सौदा खटल्यापेक्षा स्वस्त पडतो.